थायरॉइडची गोळी, सकाळची कॉफी आणि मधला एक तास

थायरॉइडच्या गोळीवर कॉफी चालते का, हा प्रश्न फोंड्यातल्या आमच्या फार्मसीच्या काउंटरवर सारखा येतो, म्हणून आधी उत्तर सांगतो आणि मग कारण. गोळी सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर पूर्ण एक तास तोंडात काही टाकायचं नाही, कॉफी नाही, चहा नाही, दूध नाही, चहासोबतचं बिस्किट पण नाही. पाणी हवं तेवढं प्या. आणि काळी कॉफी असली तरी तोच नियम, कारण बरेच जण समजतात की दुधामुळेच अडचण होते आणि बिनदुधाची प्यायली की झालं, पण तसं नाहीये.

आता कारण. या गोळीत लेव्होथायरॉक्सिन नावाचं औषध असतं, आपली थायरॉइड ग्रंथी जे हॉर्मोन बनवते तेच, फक्त बाहेरून दिलेलं. ते पोटात नाही तर पुढे लहान आतड्यात शोषलं जातं, आणि पोट रिकामं असलं तरीसुद्धा सगळं शोषलं जात नाही, साधारण ६० ते ८० टक्केच रक्तात पोचतं. म्हणजे मुळातच थोडं वाया जाणारं औषध आहे हे, त्यात आपण वरून कॉफी ओतली की अजून थोडं तसंच बाहेर जातं. इटलीतल्या डॉक्टरांनी २००८ साली याचा नीट अभ्यास छापला होता, त्यांच्याकडे असे पेशंट आले की डोस वाढवूनही टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं हॉर्मोन कमी पडलं की रक्तात वर जाणारा आकडा, खाली येईना, चौकशी केली तर सगळे गोळी एस्प्रेसोबरोबर किंवा गोळीनंतर लगेच एस्प्रेसो पिणारे. मग मोजून बघितलं तर कॉफीबरोबर घेतल्यावर रक्तात पोचणारं औषध साधारण पाव ते एक तृतीयांशाने कमी झालं होतं, आणि तीच गोळी पाण्याबरोबर घेऊन एक तासाने कॉफी प्यायली तर हा फरक पडत नव्हता. एक तासाचा नियम हवेतून आलेला नाही तो असा, आणि अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही नाश्त्याच्या ६० मिनिटं आधी असंच म्हटलंय.

पाव भाग कमी म्हणजे नेमकं किती, ते बघा. तुमची गोळी ७५ मायक्रोग्रॅमची असेल आणि त्यातला पाव भाग कॉफीपायी गेला तर तुम्ही जणू ५६ ची गोळी घेतल्यासारखं झालं. या औषधात २५, ५०, ७५, ८८, १०० असे बारीक बारीक टप्पे असतात, ७५ आणि ८८ मध्ये फक्त १३ चा फरक आणि डॉक्टर तेवढाही विचार करून वाढवतात, आणि इथे आपण नकळत १९ घालवून बसतो.

पण आता जे सांगतो ते माझ्या मते या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही गेली काही वर्षं गोळीनंतर पंधरा-वीस मिनिटांनी कॉफी पीत असाल, रोज तसंच, आणि तुमचा टीएसएच नीट आहे, तर हा लेख वाचून उद्यापासून एकदम एक तास थांबायला लागू नका. डॉक्टरांनी तुमचा डोस तुमच्या त्याच सवयीवर बसवलेला आहे, वाया जाणारा भाग धरूनच. तुम्ही अचानक शिस्तीत आलात तर तीच गोळी जास्त शोषली जाणार आणि डोस जड व्हायला लागणार. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं, वजन उतरणं, घाम, उगाचची चिडचिड, ही त्याची लक्षणं. वय झालेल्या माणसाला किंवा हार्टचा त्रास असलेल्याला हे अजिबात परवडणारं नाही. त्यामुळे पद्धत बदलायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून बदला आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करा. खरा त्रास होतो तो एक दिवस तास, एक दिवस दहा मिनिटं, रविवारी कॉफीबरोबरच गोळी असं केल्यावर, कारण मग रिपोर्ट वर-खाली होत राहतो आणि डोस कशावर बसवायचा तेच डॉक्टरांना कळत नाही.

६ ते ८ आठवडेच का, तर हे औषध शरीरात खूप सावकाश चालतं. रक्तातलं अर्धं कमी व्हायला साधारण ७ दिवस लागतात. म्हणून आज पद्धत बदलली की पुढच्या आठवड्यात टेस्ट करून काही कळत नाही, नुसते पैसे जातात. आणि म्हणूनच एखाद्या दिवशी चूक झाली तर घाबरायचंही कारण नाही.

एक उदाहरण पूर्ण बघू

आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एक वहिनी आहेत, राहतात सत्तरीच्या बाजूला, नोकरी वेर्ण्याला कंपनीत, कंपनीची बस सहा वाजता. गोळी ७५ ची. टीएसएच आला ९ च्या वर, नॉर्मल साधारण ०.४ ते ४ असतो. डॉक्टरांनी ८८ ची लिहून दिली ती चिठ्ठी घेऊन आल्या होत्या आणि वैतागलेल्या होत्या.

"दादा, एक दिवस गोळी चुकवत नाही हो मी, तरी कसा वाढतो?"

"वहिनी, गोळी घेता कधी? आणि कॉफी कधी?"

"सव्वापाचला उठते, कॉफी ठेवते, गोळी घेते आणि कॉफी पिते, मग डबा. नाहीतर वेळ कुठे आहे?"

"आणि दुसरं काय चालू आहे? कॅल्शियम, रक्तवाढीची गोळी?"

"रक्तवाढीची आहे ना, ती बसमध्ये घेते, थायरॉइडच्या मागोमाग, म्हणजे विसरायला नको."

म्हणजे दोन गोष्टी एकदम निघाल्या. कॉफी तर आहेच, पण लोहाची गोळी त्याहून वाईट, कारण लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉइडच्या औषधाला आतड्यात पकडून ठेवतात आणि त्यांच्यासाठी एक तास पुरत नाही, ४ तास लागतात. गोळी चुकवली नव्हती, ते खरंच होतं, पण घेतलेली पोचत नव्हती.

मी त्यांना ८८ ची बाटली न देता आधी डॉक्टरांना फोन करायला सांगितलं, कारण डोस वाढवायचा आणि त्याच दिवसापासून कॉफी-लोह बाजूला करायचं असं दोन्ही एकदम केलं तर दोन महिन्यांनी टीएसएच उलट्या टोकाला जाऊ शकतो. डोस ठरवणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं, पण गोळी कशी घेतली जाते हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी सांगितलं ७५ च ठेवा, वेळ सुधारा, दोन महिन्यांनी रिपोर्ट आणा.

मग वेळ कशी सुधारायची? सव्वापाचला गोळी आणि सव्वासहाला कॉफी हे जमणारच नाही, तेव्हा त्या बसमध्ये असतात. पहिला पर्याय होता पावणेपाचला अलार्म, उशाशी ठेवलेल्या बाटलीतली गोळी आणि तांब्यातलं पाणी, परत आडवं व्हायचं आणि पावणेसहाला कॉफी. काही जणांना हे छान जमतं, विशेषतः ज्यांना पहाटे बाथरूमला जायला एकदा जाग येतेच त्यांना. वहिनींना झोप मोडायची नव्हती. दुसरा पर्याय रात्रीचा, शेवटच्या खाण्यानंतर कमीत कमी ३ तास गेलेले पाहिजेत आणि मग झोपताना गोळी. हा काही जुगाड नाही, नेदरलँड्समध्ये यावर अभ्यास होऊन २०१० साली छापला गेला, तिथे झोपताना घेणाऱ्यांचे आकडे सकाळी घेणाऱ्यांपेक्षा चांगले आले होते. वहिनींचं जेवण साडेसातला होतं, झोप साडेदहाला, म्हणजे बरोबर ३ तास. पण अट एकच, मधे काही नाही, ना झोपतानाचं दूध ना टीव्हीसमोर फरसाण.

त्यांनी रात्रीचं घेतलं. लोहाची गोळी गेली दुपारी चारला, कंपनीत, लिंबूपाण्याबरोबर, आणि घरी पोचल्यावरची कॉफी सहा-साडेसहाला. सकाळची कॉफी मोकळी झाली, उठल्या उठल्या प्यायली तरी चालते कारण तोपर्यंत रात्रीच्या गोळीचं काम झालेलं असतं. दोन महिन्यांनी टीएसएच ३ च्या आसपास आला, ७५ वरच.

प्रत्येकाचं असंच होईल असं नाही. डोस खरंच कमी पडत असतो अशीही खूप माणसं असतात. पण डोस वाढवण्याआधी हा तास तपासून बघायला काही खर्च येत नाही.

तुमच्या घरी हे कसं बसवायचं

सगळ्यात आधी चार-पाच दिवस काही न बदलता फक्त लिहून काढा, गोळी किती वाजता, कॉफी-चहा किती वाजता, नाश्ता कधी, आणि बाकीच्या गोळ्या कुठल्या आणि कधी. मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल. यात आयुर्वेदिक काढा, प्रोटीन पावडर, मल्टिविटामिन, इसबगोल हे पण लिहा, कारण मल्टिविटामिनमध्ये बहुतेक वेळा लोह किंवा कॅल्शियम असतं आणि इसबगोलचा चोथासुद्धा औषधाला अडकवतो. लोक हे औषधात धरतच नाहीत म्हणून सांगायचे राहतात.

मग शेवटचा टीएसएच बघा. तो नीट असेल आणि तुमची वेळ रोज सारखी असेल तर तसंच चालू द्या. बिघडलेला असेल किंवा दर वेळी वेगळा येत असेल तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि वेळ बदलतोय असं स्पष्ट सांगा. गरोदर असाल तर मात्र दोन महिने थांबून बघू असं अजिबात करू नका, तेव्हा डोस बहुतेकदा वाढवावा लागतो, साधारण दर ४ आठवड्यांनी टीएसएच बघतात, आणि नेमक्या तेव्हाच लोह आणि कॅल्शियमही सुरू होतं, त्यामुळे ४ तासांचं अंतर तेव्हा फारच सांभाळायचं.

नंतर सकाळ की रात्र ते ठरवा. पोदेराचा भोंगा ऐकल्यावर जाग येते आणि गरम उंडो समोर असताना तास काढवत नाही असं ज्यांचं आहे, किंवा घरात सकाळी पाच माणसांचं करायचं असतं, त्यांना रात्र बरी. जेवण रात्री दहाला होतं आणि लगेच झोप, त्यांनी सकाळच ठेवावी. चतुर्थीला घर भरलेलं असतं तेव्हा सकाळचा तास हमखास मोडतो, पण चार-दोन दिवसांनी आभाळ कोसळत नाही, फक्त त्यातून परत जुन्या वेळेवर या.

गोळीची जागा पण बदला. स्वयंपाकघरात कॉफीच्या डब्याशेजारी बाटली ठेवली की गोळी आणि कॉफी एकत्रच होणार. उशाशी किंवा कपाटात ठेवा, आणि आपल्याकडे पावसात भिंतीसुद्धा घाम फोडतात तेव्हा गॅसजवळ किंवा खिडकीत तर नकोच, हे औषध दमट हवा, उष्णता आणि उजेड या तिन्हींनी खराब होतं. मूळ बाटलीतच ठेवायचं, झाकण घट्ट.

विसरून कॉफी प्यायलीच तर? त्या दिवशी गोळी सोडू नका, नाश्त्यानंतर ३-४ तास जाऊ द्या आणि जेवणाआधी घ्या, नाहीतर रात्री झोपताना. कॉफीवर गोळी पोटात गेलीच असेल तर भरपाई म्हणून दुसरी घेऊ नका.

टेस्टच्या दिवशी रक्त आधी द्या आणि गोळी नंतर घ्या, आणि शक्यतो दर वेळी त्याच लॅबमध्ये त्याच सुमारास. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते टेस्टच्या कमीत कमी दोन दिवस आधी बंद ठेवा, त्याने काही मशीनवर आकडा खोटा येतो.

अॅसिडिटीवाल्यांसाठी थोडं वेगळं आहे. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या सकाळी रिकाम्या पोटीच घ्यायच्या असतात म्हणून लोक विचारतात आधी कुठली. आधी थायरॉइड, अर्ध्या तासाने अॅसिडिटीची, आणि अजून अर्ध्या तासाने कॉफी-नाश्ता, असं बसतं. पण या गोळ्या पोटातलं अॅसिड दिवसभर कमी ठेवतात आणि थायरॉइडची गोळी विरघळायला ते अॅसिड लागतं, त्यामुळे नुसतं अंतर ठेवून पूर्ण सुटका होत नाही. महिनोन्महिने घेणार असाल किंवा बंद करणार असाल तर डॉक्टरांना सांगून ६-८ आठवड्यांनी टीएसएच बघा. अॅसिडिटीचं पातळ औषध, ते पांढरं-गुलाबी, त्याला मात्र साधा ४ तासांचा नियम.

बाकीच्या औषधांचं काय

बहुतेक औषधांना कॉफीने काही होत नाही. बीपीची अॅम्लोडिपिन, डायबेटिसची मेटफॉर्मिन, यांच्यासाठी कॉफी मागेपुढे करायची गरज नाही, फक्त कॉफीनंतर लगेच बीपी मोजू नका, निदान अर्धा तास जाऊ द्या नाहीतर आकडा उगाच वर दिसतो.

लोहाचं मात्र जपा. कॉफीतले आणि चहातलेही घटक लोहाला बांधून ठेवतात. १९८३ च्या एका अभ्यासात जेवणाबरोबरच्या एका कप कॉफीने जेवणातल्या लोहाचं शोषण ३९ टक्के कमी झालं होतं आणि चहाने तर ६४ टक्के, म्हणजे चहा कॉफीच्याही वरचा निघाला. त्यातली एक गोष्ट मला फार उपयोगी वाटते, जेवणाच्या एक तास आधी कॉफी प्यायली तर काही नुकसान झालं नाही, पण जेवणानंतर एक तासाने प्यायली तर बरोबर प्यायल्याइतकंच झालं. म्हणून रक्तवाढीची गोळी घेणाऱ्यांना मी सांगतो कॉफी तासभर आधी पिऊन टाका, नाहीतर गोळीनंतर दोन तास तरी थांबा. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चांगली.

हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा अॅलेन्ड्रोनेटची गोळी असते, आपल्या आई-आज्यांना बऱ्याचदा दिलेली असते. तिच्याबाबतीत अजिबात सूट नाही. रिकाम्या पोटीसुद्धा ती जेमतेम थोडीशीच शोषली जाते आणि कॉफीबरोबर घेतली तर त्यातलंही साधारण ६० टक्के जातं. ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, नंतर कमीत कमी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. त्याच माणसाला थायरॉइडही असेल तर त्या एका दिवशी थायरॉइडची रात्री घेणं सोपं पडतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि काही औषधांत उलटं होतं, कॉफी औषधाला नाही तर औषध कॉफीला अडवतं. सिप्रोफ्लॉक्सासिन नावाचं अँटिबायोटिक, लघवीच्या इन्फेक्शनला देतात ते, लिव्हरमध्ये कॅफीन मोडण्याचं काम मंद करतं, त्यामुळे नेहमीचे दोन कप चारसारखे लागतात, धडधड होते, रात्र जागून जाते आणि माणसाला वाटतं इन्फेक्शनच वाढलं. शिवाय दुधातलं कॅल्शियम याच अँटिबायोटिकला पकडतं, म्हणून दुधाची कॉफी दोन्हीकडून नडते. गोळी पाण्याबरोबर घ्यायची, दूध-दही आणि दुधाची कॉफी गोळीच्या आधी ६ तास आणि नंतर निदान २ तास लांब ठेवली की बरं, आणि कोर्स असेपर्यंत दिवसाला एखादाच कप. दम्यासाठी थिओफिलिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही कॉफी कमीच ठेवावी, ते औषध कॅफीनच्याच कुळातलं आहे आणि दोन्ही मिळून मळमळ, थरथर आणि धडधड वाढवतात.

बायपोलरसारख्या मनाच्या आजारावर देतात ते लिथियम चालू असलेल्यांनी मात्र कॉफी अचानक बंदही करू नये आणि वाढवूही नये. कॅफीनमुळे लघवीवाटे लिथियम जास्त बाहेर जातं, त्यामुळे रोजची चार कप कॉफी एकदम सोडली तर रक्तातलं लिथियम चढतं, आणि त्यात सुरक्षित आणि धोकादायक पातळीमधलं अंतर फार थोडं असतं. उलट्या, जुलाब, हात जोरात थरथरणं, चालताना तोल जाणं असं काही दिसलं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा, आणि फोन लागत नसेल तर थेट कॅज्युअल्टीत जा, जाताना गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.